पुढचा फोन कोण करणार आहे?

*ताई, मी एमबीए करतोय आणि बाणेरच्या एका कंपनीत दोन महिन्यांची सेल्स इंटर्नशिप चालू आहे. छोट्या कारखान्यांना आम्ही हजेरीची मशीनं आणि पगाराचं सॉफ्टवेअर विकतो. रोज साठ फोन लावायचे आणि ते सीआरएममध्ये नोंदवायचे. मी संध्याकाळी बसून सगळं भरतो, तरी सर म्हणतात, 'तुझं सीआरएम वाचून काही कळत नाही.' बुधवारी भोसरीच्या एका पार्टीला माझ्या सहकाऱ्याने फोन केला, तर तिथल्या मॅडम चिडल्या, 'परवाच तर सांगितलं तुमच्या माणसाला!' तो माणूस मी. माझ्या नावावर २१४ टास्क ओव्हरड्यू आहेत. काही मुलं न लावलेले फोनसुद्धा टाकतात. नक्की काय लिहायचं, किती आणि कधी? तीन आठवड्यांत माझी इंटर्नशिप संपतेय. नावं झाकून दोन स्क्रीनशॉट पाठवतोय, एक दिवसभराच्या नोंदींचा आणि एक त्या भोसरीच्या पार्टीचा.*
*— एक इंटर्न, कोथरूड*

तुझा पहिला स्क्रीनशॉट उघडला आणि एक खेळ केला. म्हटलं, समजा मी तुमच्याकडे आज रुजू झाले आणि उद्या सकाळी या दहा जणांना मलाच फोन लावायचे आहेत. तर मी किती जणांशी बोलू शकेन? सहा ठिकाणी `No answer` आहे, ते सोडून देऊ. उरले चार. त्यातल्या तिघांपुढे 'इंटरेस्टेड, कॉल लेटर' एवढंच आहे. तिथे मी फोन लावून 'नमस्कार, आम्ही हजेरीची मशीनं...' असं पहिल्यापासून सुरू करणार, आणि समोरचा तुझ्या भोसरीच्या मॅडमसारखाच उखडणार. चौथ्यापुढे मात्र तू लिहिलंयस, 'मालक चारनंतर भेटतात, आधी सुपरवायझर उचलतो, त्याला काही सांगू नये.' ही नोंद वाचून मी साडेचारला फोन लावीन आणि सरळ मालकांना मागीन. म्हणजे लिहिता तुला येतं. फक्त आपण कोणासाठी लिहितोय, ते त्या एका नोंदीच्या वेळी तुझ्या डोक्यात होतं आणि बाकी तिन्ही वेळा नव्हतं. ते तीन तू सरांच्या साठच्या आकड्यासाठी लिहिलेस.

आता भोसरीची पार्टी, कारण तुझी सगळी दुखणी त्या एका पानावर आहेत. स्क्रीनशॉटमध्ये दिसतं ते असं:

मंगळवार ३ — `Connected`. इंटरेस्टेड, कॉल लेटर.
गुरुवार ५ — `No answer`.
गुरुवार ५ — `No answer`.
सोमवार ९ — `Connected`. बिझी आहेत, नंतर करा.

बुधवारी ११ तारखेला तुझ्या सहकाऱ्याने हे वाचलं आणि फोन लावला. त्याचं काय चुकलं सांग! 'नंतर करा' असं लिहिलंय, दोन दिवस उलटून गेलेत, त्याने केला.

मग मी तुला मेल करून विचारलं की त्या दोन दिवशी प्रत्यक्षात काय बोलणं झालं. तू जे लिहून पाठवलंस ते वाचून मला हसू आलं, कारण सगळा माल तुझ्याकडे होता. ३ तारखेला अकाउंट्सच्या मॅडम म्हणाल्या होत्या, 'अहो आत्ता पगाराचं चाललंय, सात तारीख होऊ द्या.' त्यांच्याकडे पंचेचाळीस कामगार आहेत, पंचिंग कार्ड आहे, आणि ओव्हरटाइम त्या कार्ड बघून एक्सेलमध्ये हाताने भरतात. ९ तारखेला म्हणाल्या, 'आता पीएफ, ईएसआय, पंधरा तारखेपर्यंत मला हलायला जागा नाही. आणि हे सगळं शेवटी धाकटे शेठ बघतात.' ३ तारखेचं बरंचसं तुला धूसर आठवत होतं, कामगार पंचेचाळीस की पंचावन्न याची खात्री नव्हती, पण मुद्द्याचं सापडलं.

आता बघ. 'नंतर' हा शब्द तुझा आहे. मॅडमनी दोन्ही वेळा तारीख दिली होती, तू तिचं 'लेटर' केलंस. आणि ती तारीख त्यांनी तुला टाळायला दिलेली नव्हती. कारखान्यात पगार सात तारखेच्या आत व्हावा लागतो. पीएफ आणि ईएसआयचा भरणा पंधरा तारखेपर्यंत करावा लागतो. जिथे अकाउंट्सला एकच बाई आहे, तिथे महिन्याचा पहिला पंधरवडा असाच जातो. तुम्ही विकता हजेरी आणि पगाराचं सॉफ्टवेअर, म्हणजे तुमचं गिऱ्हाईक ज्या दिवसांत सगळ्यात जास्त गांजलेलं असतं, नेमकं त्याच दिवसांत तुम्ही त्याला ते विकायला फोन करताय. ही गोष्ट एकदा नोंदीत आली असती तर ती एका पार्टीपुरती राहिली नसती. वीस पार्ट्यांच्या नोंदींत 'सात तारखेनंतर', 'पंधरानंतर' असं दिसलं असतं आणि तुझ्या सरांनी फोनचं वेळापत्रकच बदललं असतं. पण वीसही नोंदींत 'कॉल लेटर' असेल तर कोणाला काय दिसणार?

मधल्या दोन `No answer`ची तर वेगळीच गंमत आहे. भोसरी एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. पुण्यात वाढलेल्याला हे माहीत असतं, तुलाही असेल, पण कॉल लिस्ट पुढे आली की आपण नुसते नंबर फिरवत सुटतो. ती दोन `No answer` त्या पार्टीबद्दल काहीच सांगत नाहीत. रिपोर्टमध्ये मात्र तो थंड लीड दिसतो, चार फोनांत दोनदा न उचलणारा. त्या गुरुवारच्या तुझ्या यादीत भोसरी-चिंचवडचे किती नंबर होते, ते एकदा मोजून बघ. गुरुवारी शहरातली ऑफिसं घे, हडपसरच्या आयटीवाल्यांना लाव, नाहीतर मागचं साफ करायला तो दिवस ठेव.

आता ३ तारखेची नोंद मी असती तर अशी लिहिली असती:

'अकाउंट्सच्या मॅडम बोलल्या, शेठ नव्हते. ४५ कामगार, पंचिंग कार्ड. ओव्हरटाइम हाताने एक्सेलमध्ये. म्हणाल्या, "पगाराचं चाललंय, सात तारीख होऊ द्या." किंमत विचारली नाही. पुढे: सोम. ९, अकरानंतर, मॅडमनाच. ओव्हरटाइम भरायला किती दिवस जातात ते विचारायचं.'

आणि ९ तारखेची अशी:

'मॅडम. पीएफ-ईएसआयमुळे १५ पर्यंत वेळ नाही, आधी फोन नको. निर्णय धाकट्या शेठचा, त्यांचा नंबर अजून नाही. ओव्हरटाइमचं विचारायचं राहिलं. पुढे: सोम. १६, अकरानंतर.'

एवढंच. वेळ आणि फोन किती मिनिटं चालला हे सिस्टिममधून डायल केलं तर आपोआप पडतं, ते पुन्हा लिहायची गरज नाही. कोण बोललं ते आधी लिही, कारण `Connected` म्हणजे मालक भेटले की वॉचमनने उचलला हे त्या शब्दावरून कळत नाही. मग ते काय म्हणाले ते, आणि त्यातलं एक तरी वाक्य त्यांच्याच शब्दांत. 'इंटरेस्टेड' हा तुझा निष्कर्ष आहे. तो चुकू शकतो, आणि नव्या पोराचा तर दहातून सात वेळा चुकतो, कारण आपल्याशी जरा बरं बोललेला प्रत्येक माणूस त्याला गिऱ्हाईक वाटतो. 'सात तारीख होऊ द्या' हे वाक्य मात्र चुकत नाही. त्यावरून तुझे सर स्वतःचा निष्कर्ष काढू शकतात. शेवटी पुढचा फोन कधी, कोणाला आणि कशासाठी. यातलं 'कशासाठी' सगळे जण गाळतात, आणि पुढच्या फोनचं पहिलं वाक्य तर तिथूनच येतं. १६ तारखेला तुझ्या जागी दुसरा कोणी असला तरी तो म्हणेल, 'मॅडम, पंधरा तारीख झाली, आता दोन मिनिटं बोलू का? ओव्हरटाइम भरायला तुमचे किती दिवस जातात?' असं बोलणाऱ्यावर कोणी चिडत नाही. उलट, यांनी लक्षात ठेवलं, असं वाटतं.

'किंमत विचारली नाही' हे मी मुद्दाम लिहिलं. जे घडलं नाही तेही कधीकधी नोंदवायचं असतं. तीन-चार फोन होऊनही ज्याने एकदाही किंमत विचारलेली नाही, तो तुला सौजन्याने ऐकून घेतोय, हे नोंदी ओळीने वाचल्या की आपोआप दिसतं.

यात एक घोळ तुझ्याकडे आहे आणि बहुतेकांकडे असतो. तू सगळं कॉलच्या खालच्या चौकटीत कोंबतोस. सीआरएममध्ये कॉलची नोंद वेगळी, त्या पार्टीची कायमची माहिती वेगळी आणि टास्क वेगळा, हे असं उगाच केलेलं नाही. कामगार पंचेचाळीस, सध्या पंचिंग कार्ड, निर्णय धाकट्या शेठचा, ही माहिती महिनाभर तरी बदलणार नाही. ती लीडच्या पानावर तिच्या तिच्या रकान्यात भर. रकाना नसेल तर नोट लिहून वर पिन कर. नाहीतर सहा फोनांनंतर 'पंचेचाळीस' हा आकडा शोधायला खाली सरकत सरकत पहिल्या नोंदीपर्यंत जावं लागतं, आणि तसं कोणी जात नाही. तो पुन्हा विचारतो, 'मॅडम, कामगार किती?' आणि मॅडम म्हणतात, 'सांगितलं होतं की!' दुसरा फायदा असा की रकान्यात भरलेल्या माहितीची चाळणी लावता येते. उद्या तुमच्या कंपनीने पन्नासच्या आतल्या कारखान्यांसाठी स्वस्त योजना काढली तर ते कारखाने एका मिनिटात यादीत येतील. चौकटीतल्या वाक्यात पुरलेला आकडा त्या यादीत येत नाही.

आणि तारीख चौकटीत लिहून थांबू नकोस, तिचा टास्क कर. '१६ ला फोन करणे' असं नुसतं लिहिलेलं वाक्य १६ तारखेला कोणालाही उठवत नाही. तुझ्या ९ तारखेच्या नोंदीमागे टास्क नव्हता, म्हणून ती पार्टी सरांच्या 'पुढचं काही ठरलेलं नाही' या यादीत गेली आणि तिथून सहकाऱ्याच्या वाट्याला आली. असं मी धरून चालते, कारण त्याशिवाय ती त्याच्याकडे जायचं कारण दिसत नाही.

आता संध्याकाळी भरण्याबद्दल. हे बंद कर. आजपासून.

मी नोकरीला लागले तेव्हा फोनची वही असायची, आणि मीही दिवसभर फोन लावून सहाला चहा घेऊन भरायला बसायचे. एकाच दिवशी दोन जाधवांशी बोलले होते, एक चिंचवडचे, एक सणसवाडीचे. चिंचवडच्यांनी घासाघीस केली होती आणि साहेबांना विचारून मी त्यांना पंधरा टक्के सूट कबूल केली होती. सणसवाडीच्यांनी फक्त कोटेशन मागितलं होतं. संध्याकाळी दोघांची अदलाबदल झाली. सणसवाडीला न मागता पंधरा टक्के कमी करून कोटेशन गेलं आणि चिंचवडला पूर्ण भावाचं. चिंचवडच्या जाधवांनी माझ्याशी पुन्हा कधी व्यवहार केला नाही. सणसवाडीच्यांनी आनंदाने ऑर्डर दिली, आणि पुढची सगळी वर्षं त्याच भावाने मागत राहिले. साहेबांनी मला ओरडलंसुद्धा नाही. वही मिटून परत दिली, ते जास्त लागलं.

तर फोन ठेवला की नोंद, आणि नोंद झाली की पुढचा फोन. तुला वाटेल साठ फोनांत हे बसणार कसं. तुझ्याच स्क्रीनशॉटचं प्रमाण धरू. दहात सहा उचलत नाहीत, म्हणजे साठात छत्तीस. त्यांना एक क्लिक पुरते, तिथे काही लिहायचं नसतं. उरतात चोवीस. वर लिहिलेल्यासारखी नोंद टाइप करायला मिनिट-दीड मिनिट लागतं. म्हणजे सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आसपास, आणि तीही दिवसभरात वाटली जाते. संध्याकाळी तू तास-दीड तास बसत असशील, आणि तेही आठवत आठवत. मराठीत लिहायला वेळ लागत असेल तर फोनवर बोलून टाइप कर, रोमन लिपीत लिही, ऑफिसात जे चालत असेल ते. फक्त एकाच पद्धतीने लिही, म्हणजे नंतर शोधता येईल. दोन फोन लागोपाठ आले आणि मध्ये श्वास घ्यायलाही वेळ मिळाला नाही, तर शेजारच्या कागदावर दोनच गोष्टी टिप: त्यांनी दिलेली तारीख आणि त्यांचं एक वाक्य. बाकीचं त्यावरून आठवतं. तारीख आणि वाक्य मात्र दुसऱ्या कशावरूनही आठवत नाही.

न उचललेल्या फोनांबद्दल थोडं. ते नोंदवायचेच, पण खरं काय झालं ते निवडून. वाजून बंद झाला तर `No answer`, कोणी कट केला किंवा एंगेज लागला तर `Busy`, आणि भलत्याच माणसाने उचलला तर `Wrong number`. तू हे सगळं `No answer`मध्ये टाकतोस, असा मला संशय आहे, कारण दोन स्क्रीनशॉटमध्ये मिळून एकही चुकीचा नंबर नाही, आणि अशी विकत घेतलेली यादी मी अजून पाहिलेली नाही. चुकीचा नंबर `No answer` म्हणून राहिला की तो दर दोन दिवसांनी कोणीतरी पुन्हा लावतं, आणि त्या बिचाऱ्या भलत्या माणसाला वर्षभर हजेरीच्या मशीनबद्दल ऐकावं लागतं. किती वेळा प्रयत्न करायचा याचा नियम तुमच्या ऑफिसात असेल तर तो पाळ. नसेल तर मी पाच धरते, पण पाचही वेगळ्या दिवशी आणि वेगळ्या वेळी, सकाळी दहाला, जेवणानंतर, पाचला. रोज अकराला पाच वेळा लावला तर तो प्रयत्न एकच झाला. पाचनंतर तीन महिन्यांनी पुढे टाक आणि विसर.

न लावलेल्या फोनांचं मी फार बोलणार नाही. शून्य सेकंदांचा `Connected` कोणालाही दिसतो, आणि दहा मिनिटांत अकरा जणांशी बोलणं झालेलं असेल तर तेही दिसतं. ज्यांना दिसत नाही असं तुझ्या मित्रांना वाटतं, ते महिनाअखेर घाईत नसताना नक्की बघतात. पण खरं नुकसान वेगळंच आहे. न लावलेल्या फोनवर कोणी 'इंटरेस्टेड' टाकतं, तो लीड पुढच्या टप्प्यावर जातो, सर त्याच्यावर विसंबून महिन्याचा अंदाज वरती कळवतात, आणि मग डेमोला कोणीतरी चाकणपर्यंत गाडी काढून जातं. तिथे गेल्यावर कळतं की यांना कोणी फोनच केलेला नाही. साठ होत नसतील तर सरांना सांग की आज बेचाळीस झाले, त्यातले एकोणीस बोलले. ऐकून घ्यावं लागेल, घे.

आता ते दोनशे चौदा. सगळ्यात सोपा उपाय तुला माहीत आहे आणि तू तो एकदा तरी केला असशील: सगळे निवडून सोमवारवर ढकलणे. त्याने सोमवारी दोनशे चौदा अधिक साठ होतात. त्याऐवजी गुरुवारी दोन तास काढ, यादी लीडच्या नावाने लाव, आणि आधी एकाच पार्टीचे दोन-तीन टास्क असतील ते एक कर. एका पार्टीला पुढचा फोन एकच असतो, मग टास्क तीन कशाला? एवढ्यानेच आकडा बराच खाली येईल. मग उरलेल्यांत दोन प्रकार शोध. एक, जिथे त्यांनी तारीख दिली होती. दोन, जिथे तू काही कबूल केलं होतंस, कोटेशन, माहितीपत्रक, डेमोची वेळ. हे आधी उरक, आणि उशीर झालेला असेल तर फोनवर सरळ कबूल कर, 'मागच्या आठवड्यात पाठवतो म्हणालो होतो, राहून गेलं.' बाकीचे जे नुसते 'फॉलोअप' या नावाने पडलेत आणि ज्यांच्यामागे ना तारीख आहे ना शब्द, ते बंद कर. काही बुडत नाही. त्यांना तू तसाही फोन करणार नव्हतास. अजून चालू असलेल्या प्रत्येक पार्टीचा एकच टास्क आणि त्याला एक तारीख, एवढं टिकलं तर सकाळी सीआरएम उघडल्यावर आज कोणाला फोन करायचा ते शोधावं लागत नाही.

यादी साफ करताना तुला काही पार्ट्या दोनदा सापडतील. एकात 'एंटरप्रायझेस' पूर्ण लिहिलेलं, दुसऱ्यात आखूड केलेलं, एकात नंबरापुढे +91, दुसऱ्यात शून्य. दोन सहकारी एकाच माणसाला फोन करतात ते बहुतेक वेळा यामुळे. नवा लीड टाकण्याआधी नावाने न शोधता नंबरच्या शेवटच्या सहा-सात आकड्यांनी शोध. नाव प्रत्येक जण वेगळं लिहितो, नंबराचं शेपूट तेच राहतं. जोड सापडली तर स्वतः एक पान उडवून टाकू नकोस. दोन पानं एकत्र करायची सोय असते, ती वापर, किंवा ज्यांना अधिकार आहे त्यांना सांग. उडवलेल्या पानावर कोणाचे सहा महिन्यांचे फोन असू शकतात.

एक पथ्य आहे. तुझ्या दिवसाच्या स्क्रीनशॉटमध्ये एका नावापुढे 'खडूस' लिहिलंय. हसले मी, पण ते काढ. उद्या नोंद छापून त्या माणसापुढे ठेवली तर चालेल का, एवढाच निकष लाव. 'पहिल्या मिनिटात किंमत विचारतात, लांबण लावलेलं आवडत नाही' असं लिहिलंस तर तीच माहिती जाते आणि पुढच्याला उपयोगीही पडते. कोणाचं आजारपण, घरातली भांडणं, जात, असलं काही कानावर पडलं तरी लिहायचं नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माणसाला स्वतःबद्दल कोणती माहिती ठेवली आहे ते मागण्याचा हक्क दिलेला आहे, त्यामुळे 'छापून पुढे ठेवली तर' हे मी नुसतं बोलण्यापुरतं म्हणत नाही. आणि कोणी 'पुन्हा फोन करू नका' म्हणालं तर ते चौकटीत लिहून भागत नाही. फोन न करण्याची खूण लीडवर असते, ती कर, म्हणजे त्याचा नंबर पुढच्या यादीत येणारच नाही. नकोशा फोनांची तक्रार १९०९ वर गेली तर तो ताप तुला नाही, कंपनीला होतो.

राहिला तुझा शेवटचा आठवडा. तू गेलास की तुझं लॉगिन बंद होणार, आणि तुझ्या नावावरचे टास्क कोणाच्याच सकाळच्या यादीत येणार नाहीत. ते दिसेनासे होतात, बंद होत नाहीत, म्हणून महिनाभर कोणाच्या लक्षातही येत नाही. शेवटच्या दिवसाच्या चार-पाच दिवस आधी सरांना विचार की कोणते लीड कोणाकडे जाणार, आणि लीड व टास्क दोन्हींचा मालक बदलून घे. काही सिस्टिममध्ये लीड बदलला तरी उघडा टास्क जुन्याच नावावर राहतो, म्हणून एक बदलून बघ आणि ज्याच्याकडे गेला त्याला विचार की दिसतो का. सगळ्यांसाठी लांबलचक निरोप लिहू नकोस. जे दहा-बारा खरोखर गरम आहेत त्यांच्या पानावर तीन ओळी लिही आणि घेणाऱ्याला समोर बसवून वाचून दाखव. त्याने एखादा प्रश्न विचारला की समजायचं, तेवढं लिहायचं राहिलंय. तिथल्या तिथे भर.

आज शनिवार, १४ तारीख. १५ रविवारी येते, म्हणजे भोसरीच्या मॅडम भरणा आजच उरकत असतील, तर आज त्यांना मुळीच छेडू नकोस. आज फक्त सहकाऱ्याला सांग की ती पार्टी तुझ्याकडे आहे, आणि १६ चा टास्क टाक. सोमवारी अकरानंतर फोन लाव, बुधवारच्या फोनबद्दल एका वाक्यात माफी माग, आणि ओव्हरटाइमचं विचार. धाकट्या शेठचा नंबर लगेच मागू नकोस. त्या सांगतील तेवढं ऐक, आणि फोन ठेवल्या ठेवल्या लिही.